एक की सात? फोटोतल्या व्हिजिटिंग कार्डांचा तक्ता करताना

भारतातल्या मोबाईल नंबरात चूक पकडणारा आकडा नसतो. आधार क्रमांकाचा बारावा आकडा आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे मधला एखादा आकडा चुकला तर संगणक लगेच सांगतो की हा क्रमांक असूच शकत नाही. मोबाईलचे तसे नाही. त्याचे आकडे दहा असतात आणि पहिला आकडा 6, 7, 8 किंवा 9 असतो, एवढेच त्याच्याबद्दल खात्रीने सांगता येते. सहावा आकडा 1 ऐवजी 7 लिहिला, तर तयार होणारा नंबर तितकाच खरा दिसतो आणि बहुधा दुसऱ्या कुणाचा तरी असतो.

सेमिनारमध्ये गोळा झालेल्या कार्डांचे फोटो पाहून संपर्कांचा तक्ता भरणाऱ्याची सगळी अडचण इथून सुरू होते. त्याने केलेली चूक तक्त्यात कधीच चुकीसारखी दिसत नाही. ओळ पूर्ण असते, रकाने भरलेले असतात, आकडे मोजून दहा असतात. महिन्याभराने कुणी फोन लावतो तेव्हा पलीकडे भलतीच व्यक्ती असते, आणि तोवर कार्ड कुणाकडे राहिले, फोटो कुणी काढला हे सगळे विसरलेले असते.

म्हणून हे काम वेगाने टंकण्याचे नसून पुरावा तपासण्याचे आहे. जे वाचता आले ते लिहायचे, जे वाचता आले नाही तिथे खूण करायची, आणि अंदाजाला वाचनाच्या रकान्यात पाय ठेवू द्यायचा नाही. हे ऐकायला सोपे वाटते. पण डोळा आणि मेंदू मिळून रिकामी जागा आपोआप भरून टाकतात, आणि आपण अंदाज केला हे कळतही नाही. शब्द वाचताना ही सवय उपयोगी पडते: ‘कुलक_र्णी’मध्ये डाग असला तरी आडनाव कळते, कारण शेजारची अक्षरे सांगतात. आकड्यांना असा शेजार नसतो. 98 नंतर काय येणार हे 98 सांगू शकत नाही.

फोटो वाचून मजकूर काढणाऱ्या ॲपलाही हीच मर्यादा आहे. गूगल लेन्स किंवा आयफोनमधली मजकूर उचलण्याची सोय स्वच्छ, पांढऱ्या, साध्या अक्षरांच्या कार्डावर फार छान चालते आणि टंकण्याचे बरेच श्रम वाचवते. परंतु धूसर आकड्याच्या जागी ते एक आकडा देऊन मोकळे होते. हा आकडा पक्का वाचला की जेमतेम जुळवला, हे पडद्यावर दिसत नाही.

सुबक दिसणारा आकडा बरोबरच असतो असेही नाही. २०१३ साली जर्मनीतले संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी झेरॉक्स कंपनीच्या काही स्कॅनरमधला एक दोष उघड केला. एका इमारतीच्या आराखड्यात तीन खोल्यांची क्षेत्रफळे 14.13, 21.11 आणि 17.42 अशी होती. स्कॅन केलेल्या प्रतीत तिन्ही खोल्यांवर 14.13 छापून आले. फाईलचा आकार लहान करताना यंत्र एकसारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकमेकांच्या जागी वापरत होते. 6 चे 8 होण्याचे प्रकारही त्यातच सापडले. बदललेले आकडे पुसट नव्हते, अगदी ठळक होते, म्हणून कुणाला शंका आली नव्हती. कार्डाचा फोटो फोनवरून फोनवर जाताना, त्याचा आकार लहान होताना आणि ‘एन्हान्स’चे बटण दाबले जाताना त्याचा तपशीलही असाच बदलत जातो. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाईल पोचते. तक्ता करणाऱ्याने पहिली मागणी हीच करावी: मूळ फोटो द्या, पुढे पाठवलेले नकोत.

फोटो काढणे अजून आपल्या हातात असेल तर तिथेच अर्ध्या शंका मिटतात. कार्ड हातात धरू नये, गडद आणि चकाकी नसलेल्या पृष्ठभागावर सपाट ठेवावे. फ्लॅश बंद ठेवावा. चकचकीत लॅमिनेशन किंवा सोनेरी अक्षरे असतील तर थोडा कोन बदलून दुसरा फोटो घ्यावा, म्हणजे पहिल्या फोटोत जो आकडा चमकेखाली गेला तो दुसऱ्यात मोकळा होतो. आणि मागची बाजू कधीही सोडू नये. ती कोरी वाटली तरी पेनाने लिहिलेला नवा नंबर बहुधा तिथेच असतो.

आता तक्ता. प्रत्येक फोटोला क्रमांक द्यायचा आणि तो पहिल्या रकान्यात लिहायचा. पुढची सगळी भांडणे या एका क्रमांकाने मिटतात, कारण कुणीही मूळ फोटो उघडून स्वतः पाहू शकतो. त्यानंतर कार्डावर जसे आहे तसे नाव, देवनागरीतले नाव, हुद्दा, संस्था, मोबाईलसाठी दोन वेगळे रकाने, कार्यालयाचा फोन, ईमेल, पत्ता, पिन. शेवटी आणखी दोन रकाने, जे घाईत टाळले जातात: ‘शंका’ आणि ‘शंका कशी मिटली’. न वाचता आलेल्या आकड्याच्या जागी `?` लिहायचे, म्हणजे आकड्यांची जागा आणि संख्या कायम राहते. तिथे कोणते आकडे संभवतात ते ‘शंका’ रकान्यात लिहायचे, उदाहरणार्थ ‘मोबाईल १, सातवा आकडा, 1 किंवा 7’. पिवळा रंग भरून ठेवणे पुरेसे नाही. तक्ता दुसऱ्या फाईलमध्ये चिकटवला किंवा सीएसव्ही म्हणून साठवला की रंग जातो, अक्षरात लिहिलेली शंका राहते.

एक कार्ड पुरते वाचून पाहू. समजा सांगलीत हळद प्रक्रियेवर एक दिवसाचा सेमिनार झाला आणि तिथे एका व्यापाऱ्याने काळ्या चकचकीत कागदावर सोनेरी अक्षरांचे कार्ड दिले. पुढची बाजू इंग्रजीत, मागची मराठीत. फोटो सभागृहाच्या दिव्यांखाली काढलेला, आणि पुढच्या बाजूवर चमकेचा एक तिरपा पट्टा. पुढे X म्हणजे नीट वाचता आलेला, पण इथे झाकलेला आकडा.

पहिला मोबाईल `98XXXX?X40` असा वाचता येतो. सातव्या आकड्याचा उभा दांडा दिसतो, पण वरची रेघ चमकेत गेली आहे. 1 असेल किंवा 7. मागची बाजू उघडली तर तोच नंबर देवनागरी आकड्यांत छापलेला आहे आणि त्या जागी स्पष्ट ७ आहे. देवनागरीतले १ आणि ७ एकमेकांसारखे दिसत नाहीत, त्यामुळे इंग्रजी आकड्यांतली शंका मराठी बाजूने मिटते. उरलेले नऊ आकडेही दोन्ही बाजूंना सारखेच आहेत हे एकदा ताडून घ्यायचे, कारण कधीकधी एका बाजूचा नंबर बदललेला आणि दुसऱ्या बाजूचा जुनाच राहिलेला असतो. सगळे जुळले की `?` जाऊन 7 येतो आणि शेवटच्या रकान्यात नोंद होते: ‘मागच्या मराठी बाजूवरून’. दोन लिपींतली कार्डे वाचायला त्रासाची वाटतात, पण तीच सर्वांत भरवशाची असतात.

मात्र देवनागरीचे स्वतःचे सापळे आहेत. वाचणारे ॲप इंग्रजीवर लावलेले असेल तर मराठी ४ त्याला 8 वाटू शकतो, १ हा 9 वाटू शकतो आणि ५ ला 4 समजण्याचीही शक्यता असते. यंत्राने काढलेला नंबर दहा आकडी आणि देखणा असतो, आणि त्यातले तीन आकडे चुकलेले असतात. म्हणून देवनागरी आकडे माणसानेच वाचावेत.

कार्यालयाचा फोन पाहू. `0233-2XXXXX` इतके दिसते. सांगलीचा एसटीडी कोड 0233, आणि सुरुवातीचे शून्य सोडले तर कोड व स्थानिक क्रमांक मिळून दहा आकडे व्हायला हवेत. 233 हे तीन, म्हणजे स्थानिक क्रमांक सात आकडी हवा. इथे सहाच आहेत. एक आकडा चमकेने पूर्ण गिळला आहे आणि तो गेला हे केवळ मोजल्यामुळे कळले. हीच मोजणी पुणे आणि मुंबईला वेगळी पडते: तिथे कोड 020 आणि 022, म्हणून स्थानिक क्रमांक आठ आकडी, उलट सातारा किंवा रत्नागिरीसारख्या ठिकाणी कोड लांब आणि स्थानिक क्रमांक सहा आकडी. आपल्या कार्डावर हरवलेला आकडा नेमका कितव्या जागी होता हे फोटो मोठा करून, अक्षरांमधले अंतर पाहून ठरवता येते. इथे तो चौथ्या आणि पाचव्या आकड्यांमध्ये आहे. तिथे `?` लिहायचे. मागच्या बाजूवर हा फोन दिलेलाच नाही, त्यामुळे शंका तशीच राहते.

पिनमधला एक आकडा 6 की 8 असा घोटाळ्याचा आहे. याचे उत्तर पत्ता देतो. पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली आणि ती आखणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे नामवंत कवी होते. त्यांच्या रचनेत पहिले आकडे प्रदेश सांगतात: महाराष्ट्र आणि गोव्याचे पिन 4 ने सुरू होतात, गोव्याचे 403 ने, सांगली-कोल्हापूरकडचे 416 ने. सांगली शहराचा 416416. पत्त्यात शहर स्पष्ट असेल तर 6 की 8 हा प्रश्न उरत नाही.

कार्डावर जीएसटी क्रमांकही आहे, आणि तो तपासणाऱ्याचा मोठा आधार असतो. त्याची पंधरा अक्षरे ठरलेल्या जागी बसतात. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला 27 आणि गोव्याला 30; पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन, ज्यात आधी पाच अक्षरे, मग चार आकडे, मग एक अक्षर. त्यामुळे `0` की `O`, `5` की `S`, `8` की `B` हे पॅनच्या भागात केवळ जागेवरून ठरते. पंधरावे अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले असते, म्हणजे मोबाईल नंबरात जी सोय नाही ती इथे आहे. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की नोंदणीतले व्यवसायाचे नाव दिसते, लॉगिन लागत नाही. सोनेरी वेलबुट्टीत अडकलेले संस्थेचे नाव त्यावरून खात्रीने लिहिता येते.

ईमेलमध्ये `@` च्या पुढचा भाग `modem` असा वाचला गेला. कार्डाच्या डोक्यावर व्यवसायाच्या नावातला पहिला शब्द मोठ्या अक्षरांत `MODERN` आहे. लहान छपाईत `r` आणि `n` चिकटले की `m` दिसतो, हा अगदी नेहमीचा घोटाळा. `c` आणि `l` मिळून `d` होतो तसाच. खालच्या ओळीत संकेतस्थळाचा पत्ता आहे, तिथेही तोच शब्द येतो, म्हणून हे मिटले. व्यक्तीच्या जीमेल पत्त्याबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. जीमेल नावातले टिंब मोजत नाही, त्यामुळे टिंब आहे की धुळीचा कण, यावर डोके शिणवायचे कारण नाही. आणि जीमेलच्या नावात `_` चालतच नाही. तिथे खाली रेघ दिसली तर ती बहुधा अक्षरांखाली छापलेली अधोरेखा असते.

राहिला दुसरा मोबाईल. तो छापलेला नाही, निळ्या पेनाने मागच्या बाजूला लिहिलेला आहे, आणि पाचवा आकडा पुन्हा 1 की 7. इथे ताडून पाहायला दुसरी प्रत नाही. एकच वाट उरते: त्याच हाताने त्याच नंबरात दुसरीकडे 1 किंवा 7 काढला आहे का ते पाहायचे. काही जण 7 ला मध्ये आडवी रेघ देतात, काहींच्या 1 ला डोक्यावर लांब आकडी असते. शेवटचा आकडा निर्विवाद 1 असेल आणि त्याला आकडी नसेल, तर पाचवा आकडीवाला आकडा 7 असण्याकडे कल झुकतो. पण तो कलच. तक्त्यात `?` राहते आणि शंकेच्या रकान्यात ‘7 अधिक संभवतो, हस्ताक्षरावरून’ असे लिहिले जाते. छापील अक्षरांतही हीच पद्धत चालते: पुसट आकडा 3 की 8 असेल तर त्याच कार्डावर, त्याच मापाच्या अक्षरात, स्पष्ट 3 आणि स्पष्ट 8 शोधून शेजारी ठेवून पाहायचे.

आकड्यांइतकीच नावांची जपणूक हवी. इंग्रजीत `Kale` लिहिलेले आडनाव काळे असू शकते, काले असू शकते. रोमन लिपीत ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त यांचा फरक उतरत नाही. म्हणून देवनागरीतल्या नावाचा रकाना इंग्रजीवरून भरायचा नाही. कार्डावर मराठी नाव असेल तर तिथून घ्यायचे, नसेल तर रिकामा ठेवायचा. उलट, मराठी बाजू वळणदार सुलेखनात असेल तर घारे की धारे, भोरे की मोरे, खरे की ‘रवरे’ असे प्रश्न पडतात आणि तिथे इंग्रजी स्पेलिंग उत्तर देते. अनुस्वाराचे टिंब तर फोटोत सर्वांत आधी नाहीसे होते. आणि माणूस स्वतःचे नाव जसे लिहितो तसेच ते राहिले पाहिजे. कुणी `Shrikant`, कुणी `Shreekant`, कुणी `Srikant`; यातले एकही चुकीचे नाही, आणि तक्ता एकसारखा दिसावा म्हणून ते सुधारणे हा त्या माणसाचा उपमर्द आहे. कार्डावरच छपाईची चूक आहे असे वाटले तरी तीही जशीच्या तशी उतरवून शंकेच्या रकान्यात लिहावी.

फोटोतून बरोबर वाचलेले आकडे तक्त्यात चढताना बिघडतात, हे दुःख वेगळेच. एक्सेलमध्ये रकाना साधा ठेवला तर 0233 मधले पहिले शून्य गळते. 91 धरून लिहिलेला बारा आकडी मोबाईल शेवटी `E+11` असलेल्या रूपात दिसू लागतो, आणि फाईल त्या अवस्थेत सीएसव्ही म्हणून साठवली तर मधले आकडे कायमचे जातात. एकाच संस्थेच्या चार जणांसाठी कार्यालयाचा नंबर माऊसने खाली ओढला तर प्रत्येक ओळीत शेवटचा आकडा एकाने वाढू शकतो. तिथे `Ctrl+D` वापरावे. सर्वांत आधी, एकही आकडा टंकण्यापूर्वी, फोन आणि पिनचे रकाने ‘टेक्स्ट’ प्रकारचे करून घेतले तर यातले बरेचसे टळते.

`?` ही खूण निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. एक्सेल आणि गूगल शीट्स दोन्हींच्या पुढील सूत्रात `?` चा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’ असा होतो:

```
=COUNTIF(E:E,E2)
```

E रकान्यात मोबाईल नंबर टेक्स्ट म्हणून आहेत आणि E2 मध्ये `?` असलेला अर्धवट नंबर आहे असे धरा. उत्तर 1 आले तर जुळणारी ओळ फक्त तीच आहे. 2 किंवा जास्त आले तर बाकीचे नऊ आकडे जुळणारा नंबर तक्त्यात आणखी कुठेतरी आहे, कदाचित मागच्या वर्षीच्या सेमिनारच्या यादीत, पूर्ण स्वरूपात. नावही तेच असेल तर शंका मिटली. पण अस्पष्ट आकडा शेवटचा असेल तर सावध राहावे: संस्था कर्मचाऱ्यांसाठी एकापाठोपाठचे नंबर घेतात, आणि नऊ आकडे जुळलेला नंबर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा निघतो.

कार्डावर क्यूआर कोड असेल तर तो फोटोवरूनही वाचून पाहावा. त्यात चूक सुधारण्याची व्यवस्था अंगभूत असते, त्यामुळे तो थोडा झाकला गेला तरी वाचला जातो, आणि वाचला गेलाच तर आत साठवलेले आकडे जसेच्या तसे मिळतात. `TEL` या शब्दापुढे असतो तो फोन. काही कार्डांवरचा कोड मात्र फक्त पैसे घेण्यासाठीचा असतो, त्यात संपर्काचा नंबर असेलच असे नाही.

सगळ्या ओळी भरल्यावर दुसऱ्या माणसाने तपासणी करावी. एकाने फोटोवरून मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने तक्त्यावर बोट ठेवावे. आकडे सुटे वाचावेत. आपण सवयीने जोडीने बोलतो, आणि ‘एकोणऐंशी’ व ‘एकोणनव्वद’ घाईत ऐकताना 79 चे 89 होतात. ज्याने टंकले त्यानेच स्वतः तपासले तर पहिल्यांदा जिथे डोळा फसला तिथेच तो पुन्हा फसतो.

एवढे करून काही ओळींत `?` उरतेच. आपल्या हळद व्यापाऱ्याच्या कार्डावर दोन उरल्या: कार्यालयाचा फोन आणि पेनाने लिहिलेला मोबाईल. दोन्ही शक्यता फोन लावून पाहण्याचा मोह टाळावा, कारण त्यातला एक फोन अनोळखी घरात वाजणार असतो. पहिला मोबाईल आणि ईमेल आता खात्रीचे आहेत, तिथे विचारावे. प्रश्न कसा विचारायचा यालाही महत्त्व आहे. ‘आपला नंबर अमुकच ना?’ असे लिहिले तर माणूस नीट न पाहता ‘हो’ म्हणतो. ‘कार्डाच्या मागे आपण पेनाने लिहिलेला दुसरा नंबर फोटोत नीट वाचता येत नाही, कृपया पूर्ण नंबर कळवावा’ असे लिहिले तर त्याला तो स्वतः टंकावा लागतो. त्याच निरोपात हा तक्ता कोण वापरणार आहे तेही सांगावे आणि नंबर इतर सहभागींना दिला तर चालेल का ते विचारावे. सेमिनारमध्ये आयोजकाला दिलेले कार्ड म्हणजे दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप गटात घालण्याची परवानगी नव्हे. उत्तर आले की `?` च्या जागी आकडा येतो, आणि शेवटच्या रकान्यात ‘स्वतः कळवले’ व त्या दिवसाची तारीख.